करणच्या कार्डावरची दहा जून

सुईला कधी न भ्यालेली बाई एका कागदाला भ्याली, असं सांगितलं तर मेडशीच्या पंचक्रोशीत कोणी विश्वास ठेवणार नाही. त्यातून विजयमाला सरकटे? छे! एकतीस वर्षं ही बाई या भागात नर्स. लसींचा निळा डबा खांद्याला लावायचा, पदर खोचायचा आणि तांड्याच्या चढाला लागायचं. एसटी नसली तर जीप, जीप नसली तर पाय. तांड्यावरची पोरं तिला लांबून ओळखायची आणि भुर्र पळायची. आया पोरांना दटावायच्या, "गप बसतो का, शिस्टरले बलावू?" विजयमालेला याचा राग नव्हता. उलट जरा अभिमानच होता. भ्यायला तर पाहिजेच ना कोणाला तरी.

आता सेवेचे दोन महिने राहिले होते. जुलैच्या अखेरीला निवृत्ती. वाशीमला स्वतःचं दोन खोल्यांचं घर, नवरा रामकिसन एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त होऊन बसलेला. सगळं कसं मार्गी लागलेलं. अशात मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी आरोग्य केंद्रात ते पत्र आलं.

पत्र घेऊन आली होती निता आडे, सोमला तांड्यावरची सून. नवरा विनोद इंजिनीअर, वर्षभरापूर्वी जर्मनीला नोकरीला गेलेला. आता बायको आणि मुलगा त्याच्याकडे निघाले होते. नऊ जूनचं विमान. निता आल्या आल्या खुर्चीच्या कडेवर बसली आणि कागद टेबलावर सरळ करत राहिली. केंद्राच्या डॉक्टर वैजयंती ढोबळे नाशिककडच्या, वयानं विजयमालेच्या मुलीएवढ्या, पण कागदाच्या बाबतीत भारी कडक. त्यांनी विनोदनं तिकडून लिहून पाठवलेलं पत्र मोठ्यानं वाचलं.

"विषय, माझा मुलगा चिरंजीव करण विनोद आडे, वय सात वर्षे, याच्या लसीकरणाच्या नोंदी प्रमाणित करून इंग्रजीत मिळणेबाबत. महोदय, करणचे बाळकार्ड मराठीत असल्याने येथील शाळेस ते वाचता येत नाही. तरी प्रत्येक लसीचे पूर्ण नाव, दिलेली तारीख व ठिकाण लिहून, त्यावर आपली सही, नोंदणी क्रमांक व गोल शिक्का मिळावा. गोवराच्या दोन्ही डोसांच्या तारखा स्पष्ट असाव्यात. त्याशिवाय ही शाळा प्रवेश पक्का करत नाही. येत्या शुक्रवारपर्यंत कागद शाळेला ईमेलने पोचला नाही तर जागा दुसऱ्या मुलाला जाईल."

"शुक्रवार?" डॉक्टर म्हणाल्या. "आज सोमवार आहे."

"शाळेनं कळवलंच उशिरा, मॅडम," निता म्हणाली. "दुसऱ्या शाळा जर्मन येत असंन तरच घेतात. या शाळेत नव्या पोरांसाठी वेगळा वर्ग आहे. ही जागा गेली तर वर्ष गेलं त्याचं."

मग तिनं पिशवीतून कार्ड काढलं. आणि काय सांगावं! कार्डाला लॅमिनेशन. चकचकीत, कडक, पापडासारखं. खराब होऊ नये म्हणून तिनं पुण्यात करून घेतलेलं. आता त्यावर शिक्का बसणार कसा? डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि विजयमालेला हसू आलं. त्या दिवसाचं तेवढंच हसू.

"झेरॉक्सवर साक्षांकन करू," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हे बघा, आम्ही काही भाषांतरकार नाही. पण केंद्राच्या लेटरहेडवर इंग्रजीत सगळ्या डोसांचं निवेदन मी देईन. तेवढं शाळेला चालेल. ऑनलाइनवर या मुलाची नोंद नाही, तेव्हा ती पद्धतच नव्हती. म्हणून आधी कार्ड रजिस्टरशी ताडायचं. सिस्टर, हा तुमच्याच उपकेंद्राचा ना? ताडून आणा. ताडल्याशिवाय मी सही करत नाही."

"उद्या आणतो, मॅडम," विजयमाला म्हणाली. त्यात काय मोठंसं!

मंगळवारी सकाळी उपकेंद्राचं कुलूप काढून ती बसली. जुनं रजिस्टर सापडलं, पानही सापडलं. बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंटचे तीन. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, जुलै दोन हजार एकोणीस. दुसरा डोस आणि सोबतचे बूस्टर, दहा जून दोन हजार वीस. कार्डावर तेच, रजिस्टरवर तेच. अक्षर तिचंच. झालं! पुस्तक मिटून निघावं की नाही? पण माणसाचं खोडील मन. अनुक्रमांक पक्का करावा म्हणून तिनं कपाटावरची जुनी बॅग खाली ओढली.

ही बॅग म्हणजे कापडाची, भिंतीला टांगायची, बारा महिन्यांचे बारा कप्पे असलेली. शिवाय सगळे डोस पूर्ण झालेल्यांचा एक वेगळा कप्पा. बाळकार्डाचा एक भाग फाडून नर्स स्वतःकडे ठेवते. बाळाची पुढची लस ज्या महिन्यात, त्या महिन्याच्या कप्प्यात तो तुकडा. लस दिली की तुकडा पुढच्या कप्प्यात. नाही दिली तर जिथल्या तिथं. साधा हिशेब. हल्ली सगळं मोबाईलवर आलं म्हणून बॅग गुंडाळून वर टाकलेली.

करणचा तुकडा पूर्णच्या कप्प्यात असायला हवा होता. नव्हता. तिनं एकेक कप्पा चाचपला. तो जूनच्या कप्प्यात निघाला.

तिनं तुकडा उलटा केला, सुलटा केला. गोवराच्या दुसऱ्या डोसाची चौकट कोरी. एकटा नव्हता तो. जूनच्या कप्प्यात आणखी तीन तुकडे होते.

मग तिला तो दिवस आठवला, आणि आठवू नये असं वाटलं. टाळेबंदीचं साल. एप्रिलमध्ये तांड्याची लसीकरणं बंदच राहिली, मेमध्ये कशीबशी सुरू झाली. गर्दी करू नका, लांब लांब बसवा, असा वरून आदेश. म्हणून तिनं शक्कल लढवली होती. आशा कार्यकर्ती चतुराबाईला आदल्या दिवशी घरोघर पाठवून कार्डं गोळा केली आणि सगळ्यांवर तारीख आधीच लिहून ठेवली. म्हणजे बाया येतील, पोरगं पुढं करतील, सुई, कार्ड हातात, चला पुढं. बाईच्या हुशारीचं तेव्हाच्या डॉक्टरांनी कौतुकही केलं होतं. बावीस कार्डं. आणि दुपारीच फोन आला की सामान आवरा, उद्यापासून कोविड सेंटरला ड्यूटी. घाईघाईत तिनं यादीवरून रजिस्टर भरून टाकलं, बावीसच्या बावीस. न आलेल्या पोरांची उरलेली कार्डं चतुराबाईनं घरोघर वाटून टाकली. सहा महिन्यांनी ती परत आली तेव्हा कोण बघतो मागचं?

म्हणजे कार्ड म्हणतं दिली, रजिस्टर म्हणतं दिली, आणि हा बोटभर तुकडा म्हणतो नाही दिली. आणि खरं बोलणारा तेवढाच होता, कारण तो सुई टोचल्यावर हलवायचा असतो. ते ती कधी चुकवत नसे.

ती घरी कशी आली तिचं तिला ठाऊक. रामकिसनसमोर तिनं चहा ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुकडा कुठं हाय?"

"पर्समधे."

"चुलीत घाल." रामकिसननं बशीतला चहा ओढला. "अवं, दोन महिने राह्यले तुये. सात वर्साचं धडधाकट पोट्टं हाय ते. तिथं गेल्यावर देतीन त्याले शंभर सुया. तू काहून सोताच्या पायावर धोंडा पाडून घेऊन राह्यली?"

"आणि त्याले तिथं गोवर निघाला तर? शाळेतल्या दुसऱ्या पोराले लागला तर? कागदावर माहं अक्षर राहीन."

"तुया अक्षराले कोण वळखते जर्मनीत?"

बरोबरच होतं त्याचं. कोणी ओळखत नव्हतं. रात्रभर तिनं या कुशीवरून त्या कुशीवर केलं. चौकशी लागली तर? निवृत्तीचे कागद अडकले तर? एकतीस वर्षं नाव कमावलं आणि शेवटाला खोटी नोंद करणारी नर्स म्हणून निरोप? मध्येच वाटे, कदाचित दिलीही असेल, तुकडाच हलवायचा राहिला असेल. आपणही माणूसच. या 'कदाचित'ला धरून ती पहाटे उठली. कमलीबाईला विचारू. पोराची आजी. ती म्हणाली दिली, तर दिली. सुंठीवाचून खोकला जाईल.

बुधवारी चतुराबाईला घेऊन ती तांड्यावर गेली. ऊन असं की चपलेतून चटके. आड्यांच्या घरापुढं पत्र्याच्या सावलीत कमलीबाई बसलेली, समोर करण, तिच्या ओढणीचा आरसेवाला पदर उन्हात धरून भिंतीवर कवडसे नाचवणारा. घरात सगळे त्याला गोलू म्हणत. मोठ्या बॅगा दारातच उघड्या पडलेल्या. निता आत सामान भरत होती, ती बाहेर आली.

"झालं का शिस्टर, सर्टिफिकेट?"

"होते. कमलीबाई, एक विचारतो. टाळेबंदीत, निंबाखाली लस देल्ली आमी, त्या दिवशी गोलूले कोन आनलं होतं?"

निता पटकन म्हणाली, "आईनंच आणलं असंन. मी तर पुसदले माहेरी अडकली होती ना. वडील वारले म्हणून चार दिवसांसाठी गेली, अन् अडीच महिने येता नाही आलं. आल्यावर पाहिलं तर कार्ड भरेल होतं."

कमलीबाई विजयमालेकडे बघत राहिली. विजयमालेचा जीव टांगणीला लागला. म्हण बाई, म्हण. 'आनलं होतं' एवढं म्हण, मी उठते.

"नाही आनलं," कमलीबाई म्हणाली.

"काय?" निताचा हात तसाच राहिला.

"ताप होता त्याले. आंग तव्यावानी. तवा तुमी त्या बंदुकीनं ताप पाहे, अन् ताप निंगाला का गाडी ये. फुलचंदच्या घरचे सातही लोकं नेले होते शाळेत, कोंडले होते. याची माय इथं नाही, बाप पुन्यात. मी एकटी बाई. पोराले माह्यापासून नेलं असतं तर? चतुरा आली बलावाले तर मी म्हनलं, झोपला हाय, मांगून आनतो. कोठीच्या मांगं घेऊन बसली दिवसभर. संध्याकाळी चतुरानं कार्ड आनून देल्लं. मले कुठं वाचता येते! मले वाटलं, रिकामंच असंन."

चतुराबाई खाली बघायला लागली. विजयमालेला चपराक बसल्यासारखं झालं. पोरं आपल्याला भितात याचा तिला अभिमान होता ना? घे आता. एक म्हातारी तापानं फणफणलेलं लेकरू उराशी धरून दिवसभर कोठीमागं दडून बसली होती, ते आजाराच्या भीतीनं नव्हे, हिच्या भीतीनं.

निता मात्र भडकली. "आई, सहा वर्सं बोलल्या नाही तुमी! अन् शिस्टर, तुमी न टोचता तारीख लिवली? काय माणसं म्हणावं तुमाले!"

"माहीच चूक हाय, निता," विजयमाला म्हणाली. तोंडातून शब्द निघाला आणि मग मागं घेता आला नाही. "मीच आधी लिहून ठेवलं होतं."

"परवा शुक्रवार हाय! आता काय करू मी?" निता रडायलाच लागली. करण कवडसे सोडून आईला चिकटला.

आणि तेव्हा विजयमालेच्या लक्षात आलं की या घरात एक माणूस रडत नाही. कमलीबाईच्या सुरकुत्यांत काहीतरी हललं होतं. ती पुढं सरकली आणि हळूच, सुनेला ऐकू जाऊ नये अशी, म्हणाली, "शिस्टरबाई, मंग आता नाही जात ना तो?"

विनोद गेला तेव्हा म्हातारी म्हणाली होती, येईल. सून गेली की नातू जाणार, नातू गेला की कोणी यायचं नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं लपवलं होतं तेही त्याला जवळ ठेवायला, आणि आज खरं सांगितलं तेही त्याला जवळ ठेवायलाच. आणि विजयमालेला तर ठाऊक होतं की वाट आहे. साधी, एका दिवसाची.

"तो जाते, कमलीबाई," ती म्हणाली. "आमच्याकडं ही लस पाच वर्सापर्यंतच भेटते. पण वाशीमले लहान पोरांचे खाजगी डॉक्टर हायेत, त्यांच्याकडं याच्या वयाले भेटते. उद्या टोचली का परवा कागद खरा होते."

कमलीबाईनं ओढणी तोंडावर ओढून घेतली.

केंद्रात परतल्यावर विजयमालेनं चारही तुकडे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि एकेक तुकडा उलटून पाहिला.

"सिस्टर, हे मला तालुक्याला कळवावं लागेल. लेखी खुलासा द्या."

"देतो, मॅडम. चौघांचाही देतो."

"चौघांचा?"

"बाकीचे तिघं इथंच हायेत. त्यांच्या आया कोणतं पत्र घेऊन येणार? त्यांच्या शाळेत तर कोणी विचारत नाही गोवराचं."

डॉक्टरांनी मान हलवली. त्या तिघांसाठी काय करता येईल ते तालुक्याला विचारू, असं म्हणाल्या. मग वाशीमच्या बालरोगतज्ज्ञांना स्वतः फोन लावला. गुरुवारी सकाळी अकरा ते दोन. करणचे त्या दिवशीचे बूस्टरही राहिलेले, ते त्याच्या वयाप्रमाणे काय द्यायचं ते डॉक्टर बघतील. त्यांचा डोस त्यांच्या सहीनं, पहिला डोस आपल्या सहीनं, दहा जूनची नोंद चुकीची आहे असं स्पष्ट लिहून, दोन्ही कागद एकत्र जातील. "खरं असेल तेच इंग्रजीत लिहिते मी," डॉक्टर म्हणाल्या.

अडचण निताची होती. गुरुवारी तिला अकोल्याला जन्मदाखल्याच्या कागदासाठी जाणं भाग होतं, ती वेळ महिन्याआधी घेतलेली. करणला कोण नेणार? फोनवर ती विजयमालेशी बोलतच होती, तेवढ्यात मागून कमलीबाईचा आवाज आला. "मी नेतो."

"आई, तुमी?"

"मी नाही नेलं तवा. आता मीच नेतो."

निता हो म्हणाली. संमतीची चिठ्ठी लिहून तिनं करणच्या खिशात घातली. विजयमाला वाशीमलाच राहणारी, ती दवाखान्यात भेटणार असं ठरलं.

गुरुवारी ती साडेदहालाच जाऊन बसली. खुलासा सकाळीच पाठवून दिलेला, त्याची एक झेरॉक्स पर्समध्ये. पण खुलाशाची भीती कुठल्या कुठे गेली होती. आता वेगळीच भीती होती. अकरा वाजले. सव्वाअकरा. मेडशीची गाडी येऊन जायला हवी होती. तिनं रामकिसनला फोन लावला. त्याच्या डेपोतल्या ओळखी अजून होत्या.

"गाडी दहा चाळीसलेच लागली म्हंते डेपोतला राजू," रामकिसन म्हणाला. "म्हातारी अन् पोट्टं मेडशीले चढलं होतं म्हंते. पन वाशीमले उतरलं नाही."

उतरलं नाही? बारा वाजले. कमलीबाईकडं फोन नाही. निताला कळवावं? ती अकोल्याला कागदाच्या रांगेत, तिकडं तिचा जीव जाईल. कळवू नये? मग उद्या काय तोंड दाखवायचं? दर पाच मिनिटांनी ती रस्त्यावर येऊन बघे. ऑटोतून उतरणारी प्रत्येक म्हातारी कमलीबाई वाटे. साडेबारा. एक. कंपाउंडरनं विचारलं, "बाई, पेशंट कुठं आहे तुमचा?" ती म्हणाली, येतो. आणि मनात म्हणाली, येत नाही. पळवलं बाईनं पोराला. एकदा लपवलं होतं, दुसऱ्यांदा का नाही लपवणार? आणि चूक कोणाची? आपणच तिच्या हाती दिलं. सून आधीच आपल्यावर भडकलेली. आता वाटेल, मुद्दामच केलं. दीड वाजला. तिला देव आठवले, सगळे, एकदम.

पावणेदोनला कोपऱ्यावरून दोन माणसं चालत येताना दिसली. एक घेरदार घागरा आणि त्याच्या कडेनं एक पोरगं, तोंड लाल, हातात बर्फाच्या गोळ्याची काडी.

विजयमाला धावलीच. "कमलीबाई! कुठं होत्या? जीव गेला ना माहा!"

"मधातच मालेगावले उतरली होती." म्हातारीचा श्वास लागला होता. ती दवाखान्याच्या पायरीवर बसली. "उतरली, अन् पोराले गोळा घेऊन देल्ला. समोर मेडशीची गाडी लागली. म्हनलं, बस, बसून जावं वापस. कोन काय करते मले? तो शुक्रवार गेला का झालं." तिनं ओढणीनं करणचे ओठ पुसले. "गाडी गेली. मंग दुसरी आली. ते बी गेली. हा विचारे, आजी, आपन कायले बसलो? म्या म्हनलं, दमली मी, बावा."

"मंग?"

"मंग काय? दोन गाड्या गेल्या, शिस्टरबाई. मी नाही चढली."

विजयमालेचेच डोळे भरून आले, आणि ती नर्स असून भर रस्त्यात रडली.

आत कंपाउंडर दार लावायच्या बेतात होता. त्यानं चिठ्ठी पाहिली, रजिस्टर ओढलं आणि विचारलं, "मुलाचं नाव?"

घरात कधी गोलूशिवाय दुसरं नाव न घेणारी कमलीबाई उठून उभी राहिली. तिनं नातवाची बाही दंडापर्यंत वर सारली आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"करण विनोद आडे," ती म्हणाली. "नीट लिवा, बाबू. लांब जाऊन राह्यला तो."